जांभळं फूल लपवतं, पांढरं फूल सांगून टाकतं : मेंडेलचा संकर मुलांना कसा समजावावा?



आनुवंशिकतेचा धडा झाला की बहुतेक मुलांना ३:१ हे गुणोत्तर पाठ येतं. चौकोन काढून दाखव म्हटलं की तोही ती झटपट काढतात. पण प्रश्न थोडा उलटा विचारला की गाडी अडते. "या जांभळ्या फुलांच्या रोपाचं जनुकरूप काय असेल, ते कारणासह लिहा" असं विचारलं की निम्मी मुलं PP लिहितात, निम्मी Pp लिहितात आणि कारणाची जागा कोरी राहते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तर सरळ विचारलं, "सर, जांभळं ते जांभळंच दिसतं. आत काय आहे हे मला कसं कळणार?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मेंडेललाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर त्याने कसं शोधलं हे कळलं की हा धडा पाठ करावा लागत नाही. आज फक्त फुलाच्या रंगाचं उदाहरण घेऊन तेवढंच पाहूया.

आधी प्रयोग प्रत्यक्षात काय होता?

ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो शहरातल्या मठातला धर्मगुरू. १८५६ ते १८६३ या काळात त्याने मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले. वाटाण्याच्या फुलात परागण बहुधा कळी उमलण्याआधीच, आतल्या आतच होतं. म्हणजे हात लावला नाही तर झाड स्वतःशीच फळतं. पांढऱ्या फुलांच्या झाडाचं बी पेरलं तर पुन्हा पांढरीच फुलं येतात. अशा झाडाला आपण शुद्ध म्हणतो.

दोन वेगळ्या झाडांचा संकर करायचा असेल तर कळी लहान असतानाच उघडावी लागते. पराग बाहेर पडण्यापूर्वी सगळे पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि मग दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लावायचे. पुंकेसर काढायला उशीर झाला, तर त्या फुलात आधीच स्वपरागण झालेलं असतं आणि आपण ज्याला संकर समजतो तो संकर नसतोच.

इथे मुलांची एक गफलत होते. संकर केलेल्या फुलाला शेंग धरते, शेंगेत बिया येतात. या बिया म्हणजेच पुढची पिढी, F1. पण तिच्या फुलांचा रंग शेंग उघडून दिसत नाही. बी पेरायचं, रोप वाढू द्यायचं, फूल येईपर्यंत थांबायचं. बी गोल की सुरकुतलेलं हे त्याच शेंगेत दिसतं, फुलाच्या रंगासाठी मात्र पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते. हे एकदा सांगितलं की "पिढी" म्हणजे नेमकं काय ते मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं.

दोन पिढ्यांची गोष्ट

शुद्ध जांभळं (PP) आणि शुद्ध पांढरं (pp) यांचा संकर केला. जांभळ्याच्या प्रत्येक युग्मकात एक P जातो, पांढऱ्याच्या प्रत्येक युग्मकात एक p. म्हणून F1 मधलं प्रत्येक रोप Pp, आणि सगळ्यांची फुलं जांभळी. फिकी जांभळी नव्हे, पूर्ण जांभळी.

मग पांढरा रंग गेला कुठे? तो गेला नाही, झाकला गेला. F1 च्या रोपांना स्वपरागण होऊ दिलं की तो परत येतो. प्रत्येक Pp रोप अर्ध्या युग्मकांत P देतं आणि अर्ध्यांत p.

| | P | p |
|---|---|---|
| P | PP | Pp |
| p | Pp | pp |

चौकोनाच्या वरच्या ओळीत आणि डाव्या रकान्यात युग्मकं लिहायची, म्हणून तिथे एकेकच अक्षर हवं. तिथे Pp लिहिलं की पुढचं सगळं चुकतं. आणि दोन्ही रंगांसाठी अक्षर एकच घ्यायचं, मोठं आणि लहान. जांभळ्यासाठी P आणि पांढऱ्यासाठी W असं लिहिणारी मुलं असतात, त्यांना ही एकाच जनुकाची दोन रूपं आहेत हे समजलेलं नसतं.

चौकोनातून दोन गुणोत्तरं निघतात. डोळ्यांना दिसणारं, म्हणजे दृश्यरूपाचं : ३ जांभळी, १ पांढरं. आतलं, म्हणजे जनुकरूपाचं : १ PP, २ Pp, १ pp. प्रश्नात कोणतं विचारलंय ते वाचून मगच उत्तर लिहायला सांगा.

मेंडेलला F2 मध्ये प्रत्यक्षात ९२९ रोपं मिळाली : ७०५ जांभळी आणि २२४ पांढरी. भागून पाहा, ३.१५ : १ येतं. अगदी तीन नाही, तरी तीनच्या जवळ.

"चार बिया पेरल्या तर एक पांढरं येणारच ना?"

नाही. आणि हा गैरसमज चौकोनामुळेच होतो, कारण त्यात घरं चारच असतात. चौकोन म्हणजे चार पिल्लांची यादी नव्हे. प्रत्येक बियेसाठी पांढरं होण्याची शक्यता चारात एक, एवढंच तो सांगतो. चार बिया पेरल्या तर चारही जांभळी निघण्याची शक्यता ¾ × ¾ × ¾ × ¾, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के. बरोब्बर तीन जांभळी आणि एक पांढरं मिळण्याची शक्यता साधारण ४२ टक्के, म्हणजे निम्मीसुद्धा नाही!

घरी दोन नाणी घेऊन हे करून बघा. छापा म्हणजे P, काटा म्हणजे p. दोन्ही नाणी एकदम उडवायची, दोन्ही काटे पडले तरच "पांढरं" लिहायचं. चार वेळा उडवलं तर काहीही येईल. शंभर वेळा उडवलं तर पंचविसाच्या आसपास पांढरी येतील. मेंडेलने शेकड्यांनी रोपं का मोजली, ते मुलाला इथे आपोआप कळतं.

आता मूळ प्रश्न : जांभळ्याच्या आत काय आहे?

इथे मुलांना एकच सवय लावा : सुरुवात पांढऱ्यापासून करा. पांढरं रोप काही लपवत नाही. फूल पांढरं आहे म्हणजे ते pp च. जांभळ्याबद्दल मात्र सुरुवातीला अर्धंच माहीत असतं. एक P नक्की आहे, दुसरी जागा रिकामी ठेवा आणि P_ असं लिहा. ती रिकामी जागा त्याच्या संततीकडे बघून भरायची.

एक प्रश्न सोडवून बघू. *जांभळ्या फुलांच्या एका रोपाचा पांढऱ्या फुलांच्या रोपाशी संकर केला. ८० रोपांपैकी ४१ जांभळी आणि ३९ पांढरी आली. जनकांची जनुकरूपे कारणासह लिहा.*

पांढरा जनक pp. जांभळा जनक P_. संततीत पांढरी रोपं आहेत, ती pp. त्यांना एक p पांढऱ्या जनकाकडून मिळाला, मग दुसरा कुठून आला? जांभळ्या जनकाकडूनच. म्हणून रिकाम्या जागी p, म्हणजे तो Pp. पडताळा : Pp × pp मधून निम्मी Pp आणि निम्मी pp अपेक्षित आहेत. ४१ आणि ३९ हे १:१ च्या जवळ आहेत. झालं उत्तर, कारणासह. पांढऱ्याशी केलेल्या या संकराला चाचणी संकर म्हणतात.

संततीत सगळीच जांभळी आली तर? तर जनक PP असावा. पण "असावा" हा शब्द महत्त्वाचा आहे. तीनच रोपं पाहिली असतील तर Pp जनकाकडूनही तिन्ही जांभळी येण्याची शक्यता आठात एक असते. बारा रोपं जांभळी आली तर ती शक्यता ४०९६ मध्ये एक इतकी कमी होते. एक पांढरं रोप पुरावा म्हणून पुरतं, जांभळी मात्र बरीच पाहावी लागतात.

मेंडेलने F2 मधली जांभळी रोपं स्वपरागणाने तपासली. त्याने १०० जांभळी रोपं निवडली आणि प्रत्येकाच्या दहा बिया पेरल्या. ३६ रोपांची संतती फक्त जांभळी निघाली, ६४ रोपांच्या संततीत दोन्ही रंग दिसले. चौकोन काय सांगतो? जांभळ्या तीन घरांपैकी एक PP आणि दोन Pp, म्हणजे १०० मध्ये साधारण ३३ आणि ६७. दिसलं ते याच्या बरंच जवळ आहे. पण या पद्धतीत एक बारीक फट आहे. Pp रोपाच्या दहाही बियांतून जांभळी फुलं येण्याची शक्यता सुमारे ५.६ टक्के असते. अशी काही रोपं चुकून "शुद्ध" मध्ये मोजली जाऊ शकतात. हुशार मुलांना ही फट शोधायला द्या.

एकच P असून पूर्ण जांभळं कसं?

"प्रभावी म्हणजे ताकदवान" किंवा "प्रभावी म्हणजे जास्त आढळणारा" असं मुलं लिहितात. दोन्ही चूक. या जनुकाच्या चांगल्या प्रतीवरून एक प्रथिन बनतं, आणि ते प्रथिन रंगद्रव्य तयार करणारी इतर जनुकं चालू करतं. पांढऱ्या फुलांच्या वाटाण्यात या जनुकात बिघाड असतो, हे २०१० साली शोधलं गेलं. बिघडलेली प्रत रंगाला विरोध करत नाही, ती फक्त काम करत नाही. Pp मध्ये एक चांगली प्रत रंगासाठी पुरते, म्हणून फूल पूर्ण जांभळं.

सगळीकडे मात्र एक प्रत पुरत नाही. अंगणातल्या गुलबक्षीत लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी फुलं येतात आणि F2 मध्ये १ लाल : २ गुलाबी : १ पांढरं असं दिसतं. तिथे आतलं जनुकरूप बाहेरच दिसतं, लपवालपवी नाही. म्हणून उत्तर लिहिण्याआधी F1 चा रंग कोणता दिलाय, तो आधी बघायचा.

त्या मुलीला मी शेवटी एकच प्रश्न दिला : *दोन जांभळ्या रोपांच्या संकरातून एक पांढरं रोप आलं, तर जनक कोण?* तिने आधी पांढऱ्याखाली pp लिहिलं, दोन्ही p वर बाण काढले, एक एका जनकाकडे आणि दुसरा दुसऱ्याकडे. मग म्हणाली, "दोघंही Pp, सर. दुसरं काही असूच शकत नाही." आज तुमच्या मुलाला हाच प्रश्न द्या आणि बाण काढायला सांगा.