निसवत्या भाताचा ताप: गलोंड्यासाठी ऑक्टोबरचा सल्ला

दादरा नगर हवेलीत पाऊस भरपूर, म्हणून दुष्काळाचा विचार सहसा कोणी करत नाही. पण गलोंड्यासारख्या चढउताराच्या गावात पाऊस सप्टेंबरअखेर मागे फिरला, की वरच्या खाचरांतली ओल लवकर उतरते आणि नेमके तेव्हाच भात निसवत असते किंवा दाणा भरत असतो. पाणी कमी पडले की पान आपली रंध्रे मिटते. बाष्प उडणे थांबल्यावर पान तापते, आणि पिवळेपणा दिसण्याआधीच हा ताप उपग्रहाला कळतो.

लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर आठ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास वरून जातात. त्यांच्या दहाव्या, म्हणजे औष्णिक पट्ट्यापासून तयार केलेले जमिनीचे तापमान USGS च्या EarthExplorer वर फुकट मिळते. Level-2 मधली ST_B10 ही फाइल घ्यावी. तिच्यात हवेचा आणि पृष्ठभागाच्या उत्सर्जनाचा हिशेब आधीच केलेला असतो. आपल्याला एवढेच करायचे:

```
LST(°C) = ST_B10 × 0.00341802 + 149.0 − 273.15
```

समजा, सखल खाचराचा आकडा ४६००० आहे आणि वरच्या उताराचा ४७५००. पहिल्याचे तापमान ३३.१ अंश येते, दुसऱ्याचे ३८.२. हवेचे तापमान रोज बदलते, त्यामुळे ‘३८ म्हणजे ताण’ असा नियम करू नये. एकाच दिवशी, एकाच पिकाच्या, पाणी असलेल्या खाचराशी तुलना करावी. इथला पाच अंशांचा फरक शेतात जाऊन बघण्याजोगा आहे.

मात्र फसगत होण्याच्या जागाही आहेत. हळवे भात कापलेले शेत उघडे पडून तापते. तो दुष्काळ नव्हे. म्हणून त्याच दिवसाचे हिरवेपणाचे चित्र (NDVI) सोबत पाहावे. हिरवे असून तापलेले, तेच संशयाचे. सकाळच्या उन्हाने पूर्वेकडचा उतार आधीच गरम होतो, तेव्हा तुलनेचे खाचरही शक्यतो त्याच तोंडाचे असावे. ढगाच्या कडेला आकडे खोटे थंड येतात. QA_PIXEL मध्ये ढग किंवा सावली दाखवलेली जागा सोडून द्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये तर बहुतेक चित्रे ढगांनीच झाकलेली असतात, तेव्हा या पद्धतीच्या नादी लागू नये.

सर्वांत मोठी अडचण मापाची. चित्र ३० मीटरच्या चौकोनांत दिसते, पण औष्णिक संवेदक मुळात १०० मीटरचा आहे, म्हणजे त्याचा मूळ एक चौकोन हेक्टरभराचा. दहा-बारा गुंठ्यांच्या खाचराचा आकडा शेजारच्या झाडीत आणि बांधात मिसळून येतो. त्यामुळे निकाल एका शेताचा नव्हे, सलग पट्ट्याचा समजावा.

असा पट्टा सापडला, तर दुपारी जाऊन पानांची सुरळी होते आहे का आणि जमीन भेगाळली आहे का ते पाहावे. दोन्ही असेल आणि भात फुलोऱ्यात असेल, तर शेततळ्याचे किंवा ओढ्याचे मोजके पाणी आधी तिथेच द्यावे. पिवळे पडून कापणीला आलेल्या भाताला ते देऊन उपयोग नाही.