मांजर घरात राहू द्या, शी मात्र रोज उचला



गरोदर बाईच्या घरात मांजर असावे की नसावे, हा प्रश्न गटाच्या बैठकीत निघतोच. कुणी म्हणते, "मांजराचा केस पोटात गेला की बाळाला त्रास होतो." कुणी म्हणते, "आमच्याकडे पिढ्यानपिढ्या मांजरं आहेत, कुणाला काही झालं नाही." खरे या दोन्हींच्या मध्ये आहे. धोका आहे, पण तो केसात नाही. तो मांजराच्या शिळ्या शीमध्ये आहे. यातला 'शिळी' हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी काळजी त्यावरच अवलंबून आहे.

या आजाराचे नाव टॉक्सोप्लाज्मोसिस. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या एका परजीवी जंतूमुळे होतो. मांजराने या जंतूची लागण झालेला उंदीर किंवा पाखरू खाल्ले, की जंतू त्याच्या आतड्यात वाढतो. साधारण तीन ते दहा दिवसांनी त्याची अंड्यासारखी बीजे शीतून बाहेर पडू लागतात. एक ते तीन आठवडे ती लाखोंनी पडत राहतात आणि मग थांबतात. बहुतेक मांजरांच्या बाबतीत हे आयुष्यात एकदाच घडते. त्या दिवसांत मांजर खाते-पिते, खेळते, शीसुद्धा नेहमीसारखीच दिसते. त्यामुळे नुसते बघून काहीच ओळखता येत नाही.

आता शिळ्याचा हिशोब. ताज्या शीतले बीज लागण करू शकत नाही. बाहेर पडल्यावर ते तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून 24 तासांच्या आत शी उचलली, तर धोका तयार व्हायच्या आधीच निघून जातो. ती तिथेच राहिली तर शी वाळून मातीत मिसळते, दिसेनाशी होते, पण बीज ओलसर, सावलीच्या मातीत वर्षभरही टिकू शकते. ती माती हाताला, नखांना लागते आणि तोच हात तोंडाकडे जातो. मांजराच्या अंगावरून हात फिरवल्याने लागण होण्याची शक्यता मात्र फार कमी, कारण मांजर स्वतःला सतत चाटून स्वच्छ ठेवते.

एक घर डोळ्यांसमोर आणा. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. घरात तीन वर्षांची भाटी आणि तिची तीन महिन्यांची दोन पिल्ले आहेत. अंगणात घरकुलाच्या बांधकामाची वाळू पडली आहे, मागे चुलीच्या राखेचा ढीग आणि त्याला लागून परसबाग. सासूबाई म्हणतात, "तिघांनाही बाजाराच्या गावी सोडून या." पण मग धान्याच्या पोत्यांत उंदीर होणार. शिवाय वाळूत आधी पडलेले बीज मांजर गेले तरी तिथेच राहणार. मोठी भाटी बरीच वर्षे उंदीर खात आली आहे, तिचे बीज टाकण्याचे दिवस बहुधा होऊन गेलेले असतात. लक्ष ठेवायचे ते नुकतीच शिकार करू लागलेल्या पिल्लांवर.

या घराने काय करावे?

वाळूचा ढीग ताडपत्रीने झाकावा आणि कडेला दगड ठेवावेत. मांजरांसाठी आडोशाला एका जुन्या घमेल्यात वाळू ठेवावी. मांजर मऊ, कोरडी जागा शोधते, त्यामुळे बाकीचे झाकले की ते घमेल्यात जाऊ लागते. रोज सकाळी नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी खुरप्याने शी उचलून विहिरीपासून आणि परसबागेपासून लांब, हातभर खोल खड्ड्यात पुरावी. शेणखतात किंवा गांडूळखतात ती टाकू नये. हे काम गरोदर बाईने करू नये. घरात दुसरे कुणीच नसेल, तर हातमोजे किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत. घमेले आणि खुरप्यावर उकळते पाणी ओतावे. फिनाईलने किंवा ब्लीचिंग पावडरने हे बीज मरत नाही, उकळत्या पाण्याने मरते.

राखेकडे आपले लक्ष जात नाही. भांडी घासायला आपण बाहेरच्या ढिगातली राख उचलतो आणि तोच ढीग मांजराला आवडतो. म्हणून भांड्यांसाठीची राख चुलीतून निवल्याबरोबर झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. अंगण सारवणे, परसबागेत खुरपणे ही मातीची कामे गरोदरपणात दुसऱ्याकडे द्यावीत. जमत नसेल तर हातमोजे घालावेत. कोथिंबीर, कांद्याची पात, गाजर कच्चे खायचे असेल तर दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावे.

मांजर नसलेल्या मैत्रिणींनी हे सोडून देऊ नये. शेळ्या-मेंढ्याही दूषित चारा खातात आणि जंतू त्यांच्या मांसात बसून राहतो. "रक्त वाढेल" म्हणून गरोदर सुनेला निखाऱ्यावर भाजलेली कलेजी देतात. ती वरून काळी आणि आतून गुलाबी राहिली असेल, तर जंतू जिवंत असू शकतो. मटण आणि कलेजी आतपर्यंत शिजवा, आणि कच्चे मांस चिरलेली विळी नि पाट धुतल्याशिवाय त्यावर भाजी चिरू नका. शेळी गाभडली तर गरोदर बाईने ते करडू किंवा वार हाताळू नये. मांजरालाही कच्चे आतडे-चामडे घालू नका.

हा आजार गरोदरपणात पहिल्यांदा झाला, तरच बाळाला मुख्य धोका असतो. सुरुवातीच्या महिन्यांत झाला, तर तो बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी असते, पण पोचला तर इजा मोठी होते. गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाच्या डोक्यात पाणी साठू शकते. शेवटच्या महिन्यांत तो बाळापर्यंत जास्त वेळा पोचतो. बाळ जन्मतः ठीक दिसते, पण पुढे डोळ्यांचा त्रास निघू शकतो. आईला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. कधी बारीक ताप, अंगदुखी, मानेत गाठी येतात. असे झाले तर आशाताईंना सांगा, आणि डॉक्टरांना घरात मांजर असल्याचे किंवा मातीकाम करत असल्याचे न विसरता सांगा.

डॉक्टर कधी रक्ताची 'टॉर्च' तपासणी सांगतात. तिच्यात 'आयजीजी' पॉझिटिव्ह आणि 'आयजीएम' निगेटिव्ह आले, तर बहुधा लागण पूर्वी कधीतरी होऊन गेली आहे आणि शरीराकडे तिच्याविरुद्ध ताकद आहे. सुदृढ बाईच्या बाळाला अशा जुन्या लागणीचा धोका सहसा नसतो. 'आयजीएम' पॉझिटिव्ह आले तरी लागण ताजीच आहे असे ठरत नाही, कारण ते महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहू शकते. अशा वेळी डॉक्टर तपासणी पुन्हा करतात किंवा लागण किती जुनी ते पाहणारी 'ॲव्हिडिटी' तपासणी सांगतात. लागण ताजी ठरली तर त्यावर औषध आहे. म्हणून एका कागदावर घाबरून गर्भ पाडायचा निर्णय घेऊ नका. आणि ज्या ताईचे गर्भ वारंवार पडतात, तिला "तू मांजर पाळलंस म्हणून" असे कुणी बोलू नये. एकदा लागण होऊन गेलेल्या बाईचा पुढचा प्रत्येक गर्भ या आजाराने पडत नाही. तिथे दुसरे कारण शोधावे लागते, आणि त्यासाठी तिला तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे लागते.

पुढच्या बैठकीला येण्याआधी घराभोवती एक फेरी मारा आणि मांजर कुठे कुठे शी करते ते पाहून या. गटात कुणी गरोदर असेल, तर तिच्या घरी ती रोज कोण उचलणार, तेही घरच्यांशी बोलून ठरवून या.