‘नमस्कार, मास्तर!’ : रोजच्या अभिवादनाचा एक पाठ

सातारा आणि सांगली या दोन शहरांतील मनुष्य सकाळी घराबाहेर पडतो, तेव्हा तासाभरात त्याचा संबंध किमान तीन अनोळखी श्रमिकांशी येतो. कोपऱ्यावरचा रिक्षावाला, स्टँडवरील एस.टी.चा वाहक आणि मंडईतील भाजीविक्रेती ही ती तीन माणसे होत. त्यांच्याशी आपण बोलतो ते जेमतेम एखाद-दोन वाक्ये. त्या वाक्यांत अभिवादन असावे की नसावे, असल्यास कोणत्या शब्दांत असावे आणि त्यावाचून काय बिघडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आपण हाक कशी मारतो ते पाहू. रस्त्यावर ‘ए रिक्षा!’ अशी आरोळी ऐकू येते. मंडईत ‘ए भाजी, कशी दिली मेथी?’ असे कोणी विचारतो. दारावरून जाणाऱ्यास ‘ए केळी!’ म्हणून थांबविले जाते. या तिन्ही हाकांत माणूस कोठेच नाही. हाक वाहनाला आणि मालाला मारली जाते, ओ मात्र माणसाने द्यावयाची असते. बोलणाऱ्याच्या मनात अपमानाचा हेतू नसतो हे खरे. तथापि आपण वकिलाला ‘ए खटला!’ किंवा डॉक्टरांना ‘ए औषध!’ असे पुकारत नाही. म्हणजे वस्तूच्या नावाने कोणाला हाक मारावयाची आणि कोणाला नाही, हे आपण न बोलता ठरवून टाकलेले असते.

मराठीत आदर प्रामुख्याने क्रियापदाच्या शेवटी असतो. ‘दे’, ‘द्या’ आणि ‘देता का’ ही एकाच मागणीची तीन रूपे आहेत. पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात बरोबरीची विनंती आहे आणि तिसऱ्यात समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे. म्हणून नुसते नाते जोडल्याने सौजन्य पुरे होत नाही. ‘मामा, जरा तिकडं सरक’ या वाक्यात मामा हा शब्द असूनही मान नाही. ‘जरा सरकता का’ या वाक्यात नाते नसूनही मान आहे. आपले बोलणे कसे झाले हे तपासावयाचे असेल तर वाक्याचा शेवट तपासावा. आपल्या दुप्पट वयाच्या माणसाला शेवटी ‘दे’, ‘थांब’, ‘चल’ असे म्हटले गेले असेल, तर आधीचा ‘काका’ केवळ तोंडदेखला होता.

वाहकासाठी आपल्या भागात एक सुंदर संबोधन रूढ आहे, ते म्हणजे ‘मास्तर’. शाळेतील गुरुजी, कपडे शिवणारा कारागीर आणि एस.टी.चा वाहक या तिघांनाही आपली बोली मास्तर म्हणते. हे संबोधन वापरून एक प्रसंग तपशिलाने पाहू. एक माता आठ वर्षांच्या मुलासह साताऱ्याहून कराडला निघाली आहे. ‘ओ कंडक्टर, दोन द्या’ असे ती म्हणाली, तर वाहकाला तीन प्रश्न विचारावे लागतात : कोठली दोन? मुलाचे वय किती? सुट्टे आहेत का? दि. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत आहे आणि मुलाचे तिकीट अर्धे असते. त्यामुळे यंत्रावर दोन निरनिराळ्या प्रकारची तिकिटे काढावी लागतात. गाडीत पन्नास प्रवासी असतील आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावे लागले, तर ते दीडशे प्रश्न होतात. तेही उभ्याने, हलत्या गाडीत, खांबाला टेकून आणि पुढचा थांबा येण्याच्या आत.

आता तीच माता असे म्हणते : ‘नमस्कार मास्तर. कराडची दोन. एक महिला, एक मुलाचं हाफ, आठ वर्षांचा आहे. हे पैसे घ्या.’ या बोलण्यास काही क्षणच लागतात. यात अभिवादन आहे, संबोधन आहे आणि वाहकाला जे विचारावे लागले असते ते सर्व आहे. वाहकाशी सौजन्य म्हणजे गोड शब्दांची पेरणी नव्हे. त्याच्या कामाची रीत जाणून त्याप्रमाणे बोलणे हाच त्यातील मोठा भाग आहे. याच कारणाने अभिवादनाची वेळही महत्त्वाची ठरते. वाहक पैसे मोजत असेल, किंवा प्रवासी उतरवून दोन घंटा देण्याच्या तयारीत असेल, तर तेव्हा थांबावे. अवेळी केलेला नमस्कार त्याच्या हिशेबात चूक करवितो आणि कमी भरलेली रक्कम शेवटी त्यालाच भरावी लागते.

उतरताना काय म्हणावे, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. ‘धन्यवाद’ हा शब्द चांगलाच आहे. पण तो सभेतला आहे, बोलीत तो थोडा अवघडतो. आपल्या भाषेत निरोपाचे स्वतंत्र रूप आहे : ‘येतो, मास्तर.’ आपण जाताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्या एका क्रियापदात पुन्हा भेटण्याची गृहीत धरलेली खात्री असते. त्याचप्रमाणे ‘चहा झाला का?’ हा प्रश्न माहितीसाठी नसतो, तो प्रश्नाच्या रूपातील नमस्कारच होय. भल्या सकाळी स्टँडवर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला ‘राम राम, चहा झाला का?’ असे विचारून मग ‘पोवई नाक्याला येता का?’ म्हणावे. भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. आधी गोड बोलून उतरताना घासाघीस करणाराचा नमस्कार पुढच्या खेपेस कोणी मनावर घेत नाही.

मंडईचा शिष्टाचार याहून निराळा आहे. तेथे दिवसाच्या पहिल्या विक्रीला ‘भवानी’ किंवा ‘बोहनी’ म्हणतात. दिवस कसा जाईल याचा शकुन विक्रेती त्या विक्रीत पाहते. त्या वेळी भाव पाडून, जुडी उलटीपालटी करून, न घेता पुढे जाणे तिला लागते. घ्यावयाचे नसेल तर सकाळी पहिल्यांदा भाव विचारू नये. विचारलाच तर ‘मावशी, परत येताना घेते’ असे खोटे आश्वासन तरी देऊ नये. ‘आज नको, मावशी’ हे स्पष्ट आणि पुरेसे आहे.

एवढ्या लहान गोष्टींत इतके लक्ष का घालावयाचे? याचे उत्तर याच सातारा जिल्ह्याच्या इतिहासात आहे. आपल्या समाजात अभिवादन ही कधीच केवळ रीत नव्हती, ती पायरी होती. महार माणसाने वरिष्ठास ‘जोहार’ म्हणावा आणि त्याला उत्तरादाखल जोहार मिळू नये, हा रिवाज होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या निबंधात पेशवाईतील सोनारांचे उदाहरण दिले आहे. सोनारांनी ब्राह्मणांप्रमाणे ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांना बंदी करण्यात आली आणि मुंबईतील सोनारांसाठी ईस्ट इंडिया कंपनीकडूनही मनाईहुकूम मिळविण्यात आला. आज आपण सहज उच्चारतो तो शब्द एकेकाळी परवान्याचा विषय होता.

दुसरी घटना १९०१ सालची आहे. बाबासाहेब तेव्हा साताऱ्यात शिकत होते. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांना भेटण्यासाठी बालक भीमराव, त्यांचे बंधू व भाचे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. वडिलांना पत्र पोहोचले नव्हते, म्हणून न्यावयास कोणी आले नाही. मुलांचे कपडे नीटनेटके होते, त्यामुळे स्टेशनमास्तरांनी आरंभी आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यावे आणि गाडी मुलांनीच हाकावी, या अटीवर एक गाडी मिळाली. वाटेत प्यावयास पाणीही मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे.

या प्रसंगात पैसे होते, वाहन होते, प्रवासीही होते. नव्हते ते केवळ एका माणसाने दुसऱ्याला माणूस म्हणून ओळखणे. तेथे वाहन हाकणाराने प्रवाशाला नाकारले. आज प्रवासी वाहन हाकणाराकडे न पाहता पैसे पुढे करतो. दोन्हींची तीव्रता एक नाही, हे उघड आहे. पण ‘याच्याशी आपण बोलण्याचे कारण नाही’ हा निर्णय दोन्हींत आहे. ‘जय भीम’ या अभिवादनाचे सामर्थ्य येथेच कळते : म्हणणारा आणि उत्तर देणारा दोघेही तेच शब्द उच्चारतात. वरचा-खालचा असा भेद त्यात बसू शकत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक अभिवादनाची कसोटीही हीच असावी. उत्तर देताना समोरचा आपल्याइतकाच ताठ उभा राहू शकतो का?

या आचाराला मर्यादाही आहेत. पहिली अशी की समोरच्याच्या आडनावावरून किंवा पेहरावावरून त्याचा धर्म वा जात ताडून अभिवादन निवडू नये. आपण आरंभ करीत असू तर ‘नमस्कार’ म्हणावे. त्याने ‘राम राम’, ‘सलाम’ किंवा ‘जय भीम’ म्हटले तर तेच परत करावे. दुसरी मर्यादा हेतूची. थांबा नसलेल्या ठिकाणी गाडी उभी करवून घेण्यासाठी केलेला नमस्कार हे आर्जव असते, आणि नकार मिळताच बदलणारा स्वर ते उघडे पाडतो. तिसरी मर्यादा मुलींच्या पालकांनी ध्यानी घ्यावी. एकट्या मुलीने रिक्षात ‘नमस्कार’ आणि जाण्याचे ठिकाण एवढेच सांगावे. नाव, घर, शाळा यांविषयीच्या प्रश्नांना उत्तर देणे हा सौजन्याचा भाग नाही. चौथी मर्यादा सर्वांसाठी : नमस्काराला उत्तर आलेच पाहिजे असा आग्रह धरू नये. पहाटेपासून कामावर असलेला माणूस एखादे वेळी नुसती मान हलवील. ती मान पुरेशी मानावी.

सरावासाठी पालकांनी पाल्यासमवेत एक आठवडा पुढील नोंद ठेवावी. दिवसभरात ज्या श्रमिकांशी बोलणे झाले, त्यांना कोणत्या शब्दाने हाक मारली आणि वाक्याचे शेवटचे क्रियापद कोणते होते, एवढेच रोज रात्री वहीत लिहावे. आठवड्याच्या शेवटी ‘दे’ किती आणि ‘द्या’ किती हे मोजावे. नंतर ‘दे’ कोणाच्या वाट्याला आले, ती नावे एकत्र वाचून पाहावीत. तेथे काही समान आढळले, तर त्याविषयी घरात मोकळेपणाने बोलावे.