सेलची पोस्ट लिहिताना: मूळ किंमत खरी, सूट खरी, शेवटची तारीख खरी



या आठवड्याचा सल्ला फवारणीचा नाही, विक्रीचा आहे. नवीन बेदाणा शेडवरून उतरायच्या आधी कोल्ड स्टोरेजमधला जुना माल काढायचा म्हणून बरेच जण स्टेटसला आणि ग्रुपवर "सेल" टाकतायत. गेल्या चार दिवसांत माझ्याकडे सात-आठ पोस्ट तपासायला आल्या. त्यातल्या बहुतेकांत एकच चूक आहे, आणि ती चूक मागच्या वर्षी मी स्वतः केलेली आहे. म्हणून आधी तीच सांगते.

*मागच्या वर्षीची माझी पोस्ट*

मागच्या फेब्रुवारीत कंपनीच्या एक किलो पाकिटासाठी मी लिहिलं होतं: "रु. ४५० चा बेदाणा फक्त रु. २८९! तब्बल ३६% सूट! आज शेवटचा दिवस! कुरिअर खर्च वेगळा."

पाकिटावर एमआरपी रु. ४५० छापलेली होती, म्हणून मला वाटलं यात खोटं काहीच नाही. पण आपण ते पाकीट ४५० ला कधी विकलंच नव्हतं. ऑक्टोबरपासून आपला भाव होता रु. ३४०, आणि पुण्यातल्या सोसायट्यांना तो घरपोच होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एका ताईंचा मेसेज आला. त्यांची सोसायटी दर दोन महिन्यांनी आपल्याकडून वीस-बावीस किलो घ्यायची. त्यांनी लिहिलं, "डिसेंबरमध्ये मी ३४० ला घरपोच घेतला. आता २८९ आणि कुरिअरचे ६०, म्हणजे ३४९. सेलमध्ये मला नऊ रुपये जास्त पडतायत. बरोबर ना?"

बरोबर होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली, पण ती ऑर्डर पुन्हा आली नाही. ताईंनी भांडण केलं नाही, तक्रार केली नाही, फक्त घेणं बंद केलं. थेट विक्रीत नुकसान असंच गुपचूप होतं.

*मूळ किंमत म्हणजे कोणती?*

पोस्टमध्ये काट मारून जी जुनी किंमत आपण दाखवतो, ती अशी हवी की त्याच मालाला, तेवढ्याच वजनाला, अलीकडे गिऱ्हाइकांनी खरोखर तेवढे पैसे मोजलेत. याची परीक्षा सोपी आहे. बिलबुक किंवा यूपीआयचा हिशोब उघडा आणि मागच्या तीस दिवसांत जास्तीत जास्त पाकिटं कोणत्या भावाने गेली ते बघा. तीच तुमची मूळ किंमत. तीस दिवसांचा हा हिशोब आता कंपनीच्या प्रत्येक पोस्टला आपण लावतो. सभासदांनीही तोच धरावा.

तीन आकडे मूळ किंमत म्हणून चालत नाहीत.

पहिला, एमआरपी. ती कमाल किंमत आहे, सर्व कर धरून. तिच्यावर विकता येत नाही, खाली विकायला मोकळीक आहे. म्हणजे ती वरची मर्यादा झाली, तुमचा भाव नव्हे. एमआरपीशी तुलना करायचीच असेल तर "एमआरपीपेक्षा रु. १६१ कमी" असं स्पष्ट लिहा, पण त्याला "सेलची सूट" म्हणू नका, कारण एमआरपीपेक्षा स्वस्त तर तुम्ही रोजच देत होता. आणि सेल उठून दिसावा म्हणून वाढीव एमआरपीचा स्टिकर पाकिटावर अजिबात चिकटवू नका. एमआरपी कमी करणारा स्टिकर चालतो, तोही छापलेली किंमत न झाकता. वाढवणारा स्टिकर वजनमापाच्या नियमात बसत नाही.

दुसरा, शहरातल्या दुकानातला भाव. त्या दुकानातला माल, प्रत आणि भाडं सगळं वेगळं असतं.

तिसरा, तासगाव-सांगलीच्या सौद्यातला भाव. तो पेटीतल्या घाऊक मालाचा. निवडून, पॅक करून दिलेल्या किलोशी त्याची बरोबरी होत नाही.

*सूट कशी काढायची*

मूळ किंमत ३४०, सेलची किंमत २८९. फरक ५१ रुपये. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ५१ भागिले ३४०, गुणिले १००. उत्तर १५. म्हणजे खरी सूट १५ टक्के.

काही जण ५१ ला २८९ ने भागतात. मग साडेसतरा टक्क्यांच्या वर येतं आणि तेच पोस्टमध्ये जातं. भागायचं ते नेहमी मूळ किमतीने. आणि टक्के लिहिले तरी दोन्ही किमती लिहाच, म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतः पडताळता येतं.

मागच्या वर्षी मी ३६ टक्के लिहिलं, खरे होते १५. त्यात वाहतूक वेगळी लावल्यावर सोसायटीसाठी ते १५ सुद्धा उरले नाहीत. म्हणून दुसरी गोष्ट: दोन्ही किमतींच्या अटी सारख्या हव्यात. आधी घरपोच असेल तर आताही घरपोचच धरून तुलना करा. आधी एक किलोचं पाकीट असेल तर आता ९०० ग्रॅमचं नको. वाहतूक बदलायचीच असेल तर हाती पडेपर्यंतची एकूण किंमत दोन्हीकडे काढा आणि त्यावर सूट धरा. सूट उरत नसेल तर सेल लावू नका.

*सूट का देताय ते सांगा*

बेदाण्यात ही गोष्ट महत्त्वाची आहे. सेलचा माल मागच्या हंगामाचा आहे. जानेवारीत पॅक केला म्हणून पाकिटावर जानेवारीचा महिना येईल, पण बेदाणा तयार झाला मागच्या मार्च-एप्रिलमध्ये. जुन्या मालाचा रंग थोडा गडद होतो, काही दाण्यांवर साखर धरते. तो खाण्यासारखाच असतो, पण दिवाळीतल्या मालासारखा दिसत नाही. हे पोस्टमध्येच लिहा आणि फोटोही आजच्या मालाचाच टाका, दिवाळीतला हिरवागार फोटो पुन्हा वापरू नका. आंबूस वास येणारा, ओल धरलेला किंवा कीड लागलेला माल मात्र सूट देऊनही विकायचा नाही. तो बाजूला काढा.

*शेवटची तारीख*

"आज शेवटचा दिवस" हे शब्द व्हॉट्सॲपवर निरुपयोगी आहेत. स्टेटस चोवीस तासांत जातं, पण स्क्रीनशॉट महिनाभर फिरतो. माझी ती पोस्ट मार्चमध्ये एकाने परत मलाच पाठवली, "आजच घेतो, २८९ ला द्या." फोटोवर तारीखच नव्हती, मग त्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? म्हणून वार, तारीख, महिना, वर्ष आणि वेळ हे सगळं फोटोवरच लिहा, खाली वेगळ्या मेसेजमध्ये नको. फॉरवर्ड होताना खालचा मेसेज गळतो, फोटो पुढे जातो.

तारीख लिहिली की ती पाळायची. माल उरला म्हणून दुसऱ्या दिवशी "लोकाग्रहास्तव मुदत वाढवली" टाकू नका. तुमच्या तारखेवर विश्वास ठेवून ज्याने शेवटच्या रात्री घाईने पैसे पाठवले, त्याला आपण फसलो असंच वाटणार. मुदत संपली की सकाळी भाव परत ३४० करा आणि "सेल संपला" असं त्याच ग्रुपवर टाका. पुन्हा सेल लावायचा तर मधे तीस दिवस ३४० ने खरी विक्री झालेली हवी. ३४० ला कुणी घेतच नसेल आणि दर आठवड्याला २८९ चा सेल लागत असेल, तर २८९ हाच तुमचा भाव आहे. मग सरळ "भाव रु. २८९" लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

साठा मोजका असेल तर "साठा असेपर्यंत" एवढ्यावर भागवू नका, किती किलो ते लिहा. १४० किलो शिल्लक असताना "शेवटची १० पाकिटं" लिहिणं ही खोटी घाई झाली.

*यंदाची पोस्ट अशी असेल*

"बेदाणा, १ किलो पाकीट. मागील हंगामाचा माल, कोल्ड स्टोरेजमधला. रंग थोडा गडद, काही दाण्यांवर साखर. फोटो आजच्या मालाचा.
आमचा नेहमीचा भाव रु. ३४०. सेलमध्ये रु. २८९. सूट रु. ५१ (१५%).
पुणे शहरात १० किलो किंवा जास्त एकत्र ऑर्डर घरपोच, वेगळा खर्च नाही. त्यापेक्षा कमी ऑर्डरला कुरिअर किलोला रु. ६०. दोन्ही अटी नेहमीप्रमाणेच.
सेल मंगळवार ३ फेब्रुवारी २०२६ पासून रविवार ८ फेब्रुवारी २०२६, रात्री ८ पर्यंत. साठा १४० किलो, आधी संपला तर इथेच कळवू.
सोमवार ९ फेब्रुवारीपासून भाव पुन्हा रु. ३४०."

ही पोस्ट ३६ टक्क्यांच्या पोस्टइतकी भडक दिसत नाही, हे मान्य. पहिल्या दिवशी फोन कमी येतील. पण डिसेंबरला ३४० देऊन घेतलेल्या माणसाने ही वाचली तर त्याला एकही ओळ खटकणार नाही. पोस्ट टाकायच्या आधी तोच माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या नजरेने एकदा वाचा.

कायद्याचंही थोडक्यात सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि मोबाईलवरून केलेली जाहिरातही जाहिरातच असते. खोटी घाई दाखवणं हे केंद्राच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवलं आहे. ग्राहकाला तक्रारीसाठी १९१५ हा नंबर आहे. आपल्यावर ती वेळ यायला नको.

सेल लावणार असाल तर पोस्ट ग्रुपवर टाकायच्या आधी मला वैयक्तिक पाठवा, सोबत मागच्या तीस दिवसांच्या बिलांचा फोटो. टाईप करायला जड जात असेल तर व्हॉइस पाठवा, मी लिहून देते. संध्याकाळी ७ नंतर बघते, दिवसा प्लॉटवर असते.

– तुमची कृषी सल्लागार