प्रगती अहवाल : ठरलं काय, झालं काय, फरक का पडला?

मैत्रिणींनो, देणगीदार संस्थेला अहवाल लिहिताना आपण उणं राहिलेलं झाकायला बघतो. पण वाचणारा आधी फरकाचाच रकाना उघडतो. तो कसा भरायचा, ते आज एका उदाहरणातून शिकू.

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात आणि आजूबाजूच्या गावांत पाणी शिरलं, कन्नड घाटात दरड कोसळली. हे आपल्याला आठवतंच. समजा, त्या वर्षी एका ग्रामसंघाने ६० महिलांना शेळीपालन शिकवायचं ठरवलं होतं. २० जणींची एक, अशा तीन तुकड्या. जुलै-ऑगस्टमध्ये दोन झाल्या. सप्टेंबरची तिसरी नोव्हेंबरवर गेली आणि तिला ७ जणीच आल्या.

ठरलेलं : ६०
झालेलं : ४७
फरक : १३ कमी
कारण : पूर आला.

इथेच चूक होते. पुरामुळे तारीख पुढे गेली, हे खरं. पण नोव्हेंबरात पाणी कुठे होतं? तेव्हा कापूस वेचणी जोरात होती आणि मजुरी बुडवून बाई दिवसभर बसणार नाही. तारीख आपणच चुकीची धरली. म्हणून कारणं दोन लिहायची : "पुरामुळे तुकडी दोन महिने लांबली. नवी तारीख वेचणीच्या दिवसांत धरल्यामुळे १३ जणी आल्या नाहीत." पहिलं कारण आपल्या हातात नव्हतं, दुसरं होतं. वेगळं लिहिलं की पुढे काय बदलायचं ते आपोआप कळतं. पुराचा पुरावा म्हणून पंचनाम्याची प्रत जोडा, हजेरीचा पुरावा म्हणून सह्यांचं पान.

आता पैसा. प्रशिक्षक व जागा तुकडीला ४,००० रुपये, जेवण व साहित्य बाईमागे १५० रुपये. म्हणजे एका तुकडीचे ७,०००, तिन्हींचे २१,००० मंजूर. पहिल्या दोन तुकड्यांना १४,००० लागले. तिसरीला ४,००० अधिक १,०५०, म्हणजे ५,०५०. एकूण खर्च १९,०५०, शिल्लक १,९५०. ही शिल्लक दुसऱ्या कामाला परस्पर वापरायची नाही, आधी लेखी परवानगी घ्यायची.

१३ जणी राहिल्या, पण १,९५० मध्ये फक्त त्यांचं जेवण-साहित्य भागतं. प्रशिक्षकाचे ४,००० परत लागतील. म्हणून शेवटी असं लिहा : "वेचणी सरल्यावर, फेब्रुवारीत, १३ जणींची तुकडी घेऊ. प्रशिक्षकाचा खर्च ग्रामसंघ करील. शिल्लक १,९५० त्यासाठी वापरण्यास मंजुरी द्यावी."

एक लक्षात ठेवा : ४७ हा शिकलेल्यांचा आकडा आहे, फळाचा नाही. त्यांतल्या किती जणींनी शेळ्यांना लस टोचून घेतली, हे तीन महिन्यांनी घरोघर विचारून वेगळ्या ओळीत लिहायचं.

पुढच्या बैठकीत आपल्या गटाच्या एका कामाचा असा तक्ता वहीत करून आणा.