शिंदेताई यादीच्या तळाशी का गेल्या? मराठी नावांची यादी क्रमाने लावताना



जून महिन्यात नागापूरच्या आपल्या बैठकीत जो गोंधळ झाला, तो बऱ्याच जणींना आठवत असेल. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये कोणाकोणाच्या खात्यातून कापले गेले, त्याची यादी बँकेकडून पीडीएफमध्ये आली होती. मी ती कॉपी करून एक्सेलमध्ये टाकली, क्रमाने लावली आणि प्रिंट काढली. मग सचिव ताईंनी आपलं रजिस्टर उघडलं आणि दोघींनी मिळून नावं जुळवायला घेतली. अकरा जणींपुढे आम्ही "यादीत नाव नाही" असं लिहिलं. या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, ३१ मेला संपतं. नाव नाही म्हणजे २ लाखांचं संरक्षण नाही. त्यामुळे सगळ्या घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी यादी वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचली. अकरापैकी दहा जणी यादीतच होत्या, फक्त आम्ही शोधलं तिथे नव्हत्या. सगळ्या शिंदे अगदी तळाशी होत्या. क्षीरसागर ताई क मध्ये होत्या आणि आम्ही त्यांना ह च्या पुढे शोधत होतो. काळे ताई काशीदच्या आधी होत्या. अकराव्या ताईंचं नाव मात्र खरंच नव्हतं, आणि त्या दहा चुकीच्या खुणांमध्ये त्या जवळजवळ हरवल्याच होत्या. असं पुन्हा होऊ नये म्हणून हा पाठ.

कॉम्प्युटर अक्षर कसं बघतो

आपण "शिं" हे एक अक्षर म्हणून वाचतो. कॉम्प्युटरसाठी ते तीन तुकडे आहेत: श, मग वेलांटी, मग अनुस्वार. प्रत्येक तुकड्याला एक ठरलेला नंबर आहे. आधी अनुस्वार-विसर्ग, मग अ ते औ हे स्वर, मग क ते ह ही व्यंजनं, त्यानंतर काना-वेलांटी-उकार-मात्रा आणि त्यांच्या मागे पाय मोडण्याची खूण, असा तो क्रम आहे.

या क्रमातून बरंचसं आपल्या सवयीप्रमाणेच लागतं. बिनकान्याचं कदम आधी येतं, मग काकडे, मग कुलकर्णी, केदारे, कोल्हे. जोडाक्षराची खूण सर्वांत मागे असल्यामुळे क्रांती हे नाव कौसल्याच्या नंतर येतं. पदर शब्द आधी आणि पद्मा नंतर. बाराखडी संपली की जोडाक्षरं, हे आपल्यालाही पटतं.

अनुस्वाराचं मात्र लक्षात ठेवा. त्याचा नंबर सगळ्यांच्या आधी असल्यामुळे कांबळे हे काकडेच्या आधी येतं, आणि मंगल, मंदा या मथुरा आणि मनीषाच्या आधी. आपण बाराखडी "कं कः" अशी शेवटी म्हणतो, म्हणून काही जणी मंगलला म च्या शेवटी शोधतात. आपल्या फेडरेशनमध्ये आता असं ठरलंय की अनुस्वार कॉम्प्युटर लावतो तसाच आधी ठेवायचा. रजिस्टरच्या सूचीतही तसंच लिहायचं.

पहिली तपासणी: नाव तुटून आलंय का?

शिंदे तळाशी गेल्या त्यात क्रमाचा दोष नव्हता. पीडीएफमध्ये अक्षरं जशी दिसतात तशी ओळीने साठवलेली असू शकतात. वेलांटी दिसायला श च्या डावीकडे असते, म्हणून कॉपी करताना ती श च्या आधी आली. साठवलं गेलं ते असं: वेलांटी, श, अनुस्वार, दे. वेलांटीचा नंबर ह च्याही पुढचा, म्हणून असं नाव हिवाळेच्याही खाली जातं. स्क्रीनवर अशा नावाच्या सुरुवातीला वेलांटीबरोबर बऱ्याचदा टिंबांचं एक छोटं वर्तुळ दिसतं. प्रिंटवर ते पटकन लक्षात येत नाही.

म्हणून क्रम लावण्याआधी ही तपासणी करा. A रकान्यात यादीचा मूळ अनुक्रमांक ठेवा, B मध्ये आडनाव आणि नाव. C मध्ये हे लिहा आणि खालपर्यंत ओढा:

```
=UNICODE(B2)
```

हे नावाच्या पहिल्या तुकड्याचा नंबर दाखवतं. 2309 ते 2361 च्या मधला नंबर आला तर सुरुवात ठीक आहे. ॲग्नेससारखं नाव असेल तर 2418 येईल, तेही ठीक. 2367 आला तर वेलांटी पुढे आली आहे. 32 किंवा 160 आला तर नावाच्या आधी रिकामी जागा शिरली आहे, ती पुसून टाका. 65 ते 122 च्या आसपासचे नंबर सगळीकडे दिसले आणि सरलाच्या जागी `ljyk` असं काही दिसलं, तर यादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, त्याआधी क्रम लावण्यात अर्थ नाही.

2367 आलेल्या ओळीसाठी बाजूच्या रिकाम्या रकान्यात हे लिहा:

```
=MID(B5,2,1)&LEFT(B5,1)&MID(B5,3,100)
```

पहिले दोन तुकडे एकमेकांच्या जागी जातात आणि शिंदे पुन्हा शिंदे होतात. मग ते उत्तर कॉपी करून B मध्ये फक्त मजकूर म्हणून पेस्ट करा. पण जोडाक्षराने सुरू होणाऱ्या नावाला हे चालत नाही. प्रियाला वेलांटी प् आणि र या दोघांच्या मागे हवी, आणि हे सूत्र ती मधेच घुसवतं. अशी नावं हाताने टाइप करा.

ही तपासणी फक्त पहिला तुकडा बघते. सविताचं "सिवता" झालं असेल तर नंबर बरोबरच येईल. त्यासाठी कोणीतरी मोठ्याने यादी वाचायची आणि दुसरीने पीडीएफ बघायची. याला दुसरा उपाय नाही.

दुसरी अडचण: ळ, क्ष आणि ज्ञ

आपल्या शाळेच्या तक्त्यावर ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेतही हाच क्रम आहे. पण कॉम्प्युटरच्या नंबरांत ळ हा ल आणि व च्या मध्ये बसतो. आणि क्ष, ज्ञ यांना स्वतःचा नंबरच नाही. क्ष म्हणजे क, पाय मोडायची खूण आणि ष. म्हणून क्षीरसागर क च्या शेवटी जातात आणि ज्ञानेश्वरी ज च्या शेवटी.

काही प्रोग्राम नुसते नंबर बघतात, काही भाषेचे स्वतःचे नियम लावतात. त्यामुळे एकच यादी दोन कॉम्प्युटरवर दोन तऱ्हेने लागू शकते. यावर उपाय म्हणजे क्रमासाठी वेगळा रकाना करायचा. आपण त्याला "किल्ली" म्हणू. D मध्ये हे लिहा:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(TRIM(B2),UNICHAR(8205),""),"ऱ","र"),"क्ष","ह्हक"),"ज्ञ","ह्हज"),"ळ","ह्स")
```

दिसायला लांब आहे, पण काम सोपं आहे. किल्लीमध्ये ळ च्या जागी "ह्स" येतं, म्हणजे काळेची किल्ली "काह्से" होते आणि ती कासारच्या पुढे जाते. क्ष आणि ज्ञ "ह्ह" ने सुरू होतात, म्हणून ते सगळ्या ह च्या पुढे जातात. खरं नाव B मध्ये जसंच्या तसं राहतं, त्याला हात लागत नाही. किल्ली वाचायची नसते, ती फक्त क्रमासाठी.

सूत्रातले पहिले दोन बदल वऱ्हाडेसारख्या आडनावांसाठी आहेत. त्यातला अर्धा र दोन तऱ्हेने टाइप होतो. एकीत ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसरीत साधा र आणि एक न दिसणारा जोड (त्याचा नंबर 8205). दिसायला दोन्ही सारखे, पण कॉम्प्युटरला दोन वेगळी आडनावं वाटतात. किल्लीत दोन्ही एक होतात.

आता आपल्याच यादीतली काही आडनावं बघा. नुसत्या नंबरांनी असं लागलं होतं:

कांबळे, काकडे, काळे, काशीद, कासार, कुलकर्णी, कोल्हे, क्षीरसागर, हिवाळे, (तुटलेले) शिंदे

वेलांटी दुरुस्त करून किल्लीने लावल्यावर असं झालं:

कांबळे, काकडे, काशीद, कासार, काळे, कुलकर्णी, कोल्हे, शिंदे, हिवाळे, क्षीरसागर

हा क्रम रजिस्टरच्या सूचीशी जुळतो. तुमच्या कॉम्प्युटरवर आधी हीच दहा आडनावं उलटसुलट टाकून बघा. दुसऱ्या ओळीसारखा क्रम आला तरच मोठी यादी लावा. नाही आला तर तीच फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये, उदाहरणार्थ लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये, उघडून पुन्हा तपासा.

नावाच्या मध्ये क्ष असेल तरी किल्ली तोच नियम लावते. म्हणून लक्ष्मी ही लता आणि ललिताच्या नंतर, पण लीलाच्या आधी येते. पहिल्यांदा विचित्र वाटतं, नियम माहीत असला की सापडते.

क्रम लावताना

`Sort` करताना सगळे रकाने एकत्र निवडा आणि D प्रमाणे लावा. एकटा नावाचा रकाना निवडला तर नावं हलतात आणि खाते क्रमांक जागीच राहतात, म्हणजे एकीच्या नावापुढे दुसरीचं खातं. ही चूक दिसत नाही, कारण यादी तर छान क्रमाने लागलेली असते. तपासायचं असेल तर A मधल्या मूळ अनुक्रमांकाने पीडीएफमधली कोणतीही पाच नावं शोधा. नाव आणि खातं दोन्ही जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर लगेच मागे घ्या, फाइल सेव्ह करू नका.

आणि शेवटचा नियम, जो आम्ही जूनमध्ये पाळला नाही: "नाव नाही" असं लिहिण्याआधी खाते क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांनी एकदा शोधा. आकड्यांना काना-मात्रा नसते. त्या अकरा जणींचं हे दहा मिनिटांत कळलं असतं, आणि जिचं नाव खरंच नव्हतं त्या ताईंचा अर्ज एक दिवस आधी गेला असता.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक ग्रामसंघाच्या हिशेबनीस ताईंनी आपली सदस्य यादी पेन ड्राइव्हमध्ये आणावी. वरची दहा आडनावं आधी लावून बघू, मग तुमची यादी.

— क्षेत्र समन्वयक, नागापूर