पॉलिसीवर जन्मतारीख चुकली असेल तर: पत्र कसे लिहायचे आणि हप्त्यावर काय परिणाम होतो



१ जून म्हटले की आपल्याला मासेमारी बंदीचा पहिला दिवस आठवतो. पण आपल्यातल्या कितीतरी जणांचा कागदावरचा वाढदिवसही १ जूनच आहे. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना आई-बाबांना तारीख सांगता आली नाही, मास्तरांनी अंदाजाने साल धरले आणि जूनची पहिली तारीख लिहून टाकली. पुढे तीच तारीख रेशनकार्डावर, मतदार कार्डावर आणि एजंटाने भरलेल्या विम्याच्या फॉर्मवर गेली.

आमच्याकडे एक तांडेल आपली पॉलिसी घेऊन आले होते. पॉलिसीवर जन्मतारीख होती ०१-०६-१९८३. मुलाच्या कामासाठी त्यांनी नागरी निबंधकांकडून स्वतःचा जन्मदाखला काढला, तर त्यावर तारीख निघाली १२-०३-१९८१. म्हणजे खरे वय दोन वर्षांहून जास्त. त्यांचा प्रश्न साधा होता. "दहा वर्षे हप्ते भरले, आता कशाला उकरून काढू? तीन वर्षांनंतर कंपनी काही विचारू शकत नाही म्हणतात ना?"

इथेच बहुतेकांची गफलत होते. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही, हे बरोबर आहे. पण त्याच कलमात पुढे लिहिले आहे की वयाचा पुरावा कंपनी कधीही मागू शकते आणि वय चुकीचे निघाले तर पॉलिसीच्या अटी त्याप्रमाणे बदलू शकते. तीन वर्षांचे संरक्षण वयाला लागू नाही. आज तांडेल हयात आहेत, दाखला हातात आहे आणि सही करायला माणूस आहे. उद्या दर्यावर काही घडले तर हाच प्रश्न त्यांच्या बायकोपुढे येईल, तोही दावा मागताना. पॉलिसीवर एक वय आणि दाखल्यावर दुसरे, म्हणून कागद परत येतील आणि घरात कमावते माणूस नसताना ती कचेऱ्या फिरत राहील.

आधी पॉलिसीचे पहिले पान बघा

ज्या पानावर नाव, विमा रक्कम आणि हप्ता छापलेला असतो, त्यावर तीन गोष्टी शोधा: जन्मतारीख, पॉलिसी सुरू झाली तेव्हाचे वय, आणि 'वय मान्य' आहे की नाही. 'वय मान्य नाही' असे असेल तर कंपनीने पुरावा अजून स्वीकारलेलाच नाही.

मग पॉलिसीसोबत जोडलेली प्रस्ताव फॉर्मची प्रत काढा. फॉर्मवर तारीख बरोबर आणि पॉलिसीवर चूक, असे असेल तर चूक टाइप करणाऱ्याची आहे. तेव्हा छापलेले वय तपासा. वय बरोबर असेल तर हप्ता आधीपासून योग्यच बसलेला आहे, फक्त तारीख सुधारून घ्यायची. आमच्या तांडेलांच्या फॉर्मवरच १ जून होता, म्हणून त्यांचा हप्ताही चुकीच्या वयावर बसला होता.

तारीख बदलली म्हणजे हप्ता बदललाच असे नाही

हप्ता तारखेवर नाही, पूर्ण वर्षांच्या वयावर ठरतो. पुष्कळ पॉलिसींत 'जवळचा वाढदिवस' धरतात. वर्षाच्या वर सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर पुढचे वय, कमी असतील तर मागचे. काही पॉलिसींत 'मागचा वाढदिवस', म्हणजे पूर्ण झालेलेच वय धरतात. तुमची कोणती, ते पॉलिसीत लिहिलेले असते.

तांडेलांची पॉलिसी २०-११-२०१४ ला सुरू झाली आणि ती जवळच्या वाढदिवसाची होती. चुकीच्या तारखेने त्या दिवशी वय येते ३१ वर्षे ५ महिने, म्हणजे ३१. खऱ्या तारखेने येते ३३ वर्षे ८ महिने, म्हणजे ३४. तीन वर्षांचा फरक पडला, तेव्हा हप्ता बदलणार.

समजा त्यांची खरी तारीख २५-०८-१९८३ असती, तर वय ३१ वर्षे २ महिने, म्हणजे पुन्हा ३१ च आले असते. तारीख सुधारली असती आणि हप्ता एका रुपयानेही हलला नसता. म्हणून घाबरण्याआधी बोटांवर हा हिशेब करा.

पैशाचा हिशेब

पुढचे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या पॉलिसीचे वेगळे असतील. ५ लाखांची, २० वर्षांची, बचत धरून असलेली पॉलिसी. वय ३१ ला वार्षिक हप्ता २४,६०० रुपये आणि वय ३४ ला २४,९०० रुपये धरू. फरक वर्षाला ३०० रुपये. नोव्हेंबर २०१४ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत ११ हप्ते झाले, म्हणजे ३,३०० रुपये. त्यावर कंपनी व्याज लावते. द.सा.द.शे. ८ चक्रवाढ धरले तर एकूण साधारण ४,९९० रुपये होतात.

अशा पॉलिसीत फरक लहान दिसतो, कारण हप्त्याचा मोठा भाग बचतीचा असतो. ज्यात शेवटी काही परत मिळत नाही, फक्त मृत्यूनंतर रक्कम मिळते, त्या मुदत विम्यात सगळा हप्ता वयाच्या जोखमीचाच असतो. तिथे तीन वर्षांनी हप्ता चांगलाच वाढतो.

फरक भरण्याचे मार्ग पॉलिसीच्या वयाच्या कलमात दिलेले असतात. साधारण तीन आढळतात, आणि प्रत्येक पॉलिसीत तिन्ही असतीलच असे नाही.

१) मागचा फरक व्याजासह एकदम भरायचा आणि पुढे नवा हप्ता. विमा रक्कम ५ लाखच राहते.

२) जुनाच हप्ता चालू ठेवायचा. फरक कर्जासारखा साठत जातो आणि शेवटी मिळणाऱ्या रकमेतून कापतात. वरच्याच हिशेबाने २० वर्षे संपताना ही कपात सुमारे १४,८०० रुपये होईल.

३) हप्ता तोच ठेवून विमा रक्कम कमी करायची. २४,६०० रुपयांत वय ३४ ला जितका विमा बसतो तितकाच, म्हणजे ५ लाखांऐवजी साधारण ४ लाख ९४ हजार.

उलट प्रकार असेल, म्हणजे खरे वय कमी निघाले, तर हप्ता उतरतो आणि जादा भरलेले पैसे परत मिळतात, पण त्यावर बहुधा व्याज मिळत नाही.

एक धोका मात्र मोठा आहे. खऱ्या वयाने तुम्ही त्या पॉलिसीच्या प्रवेशवयाच्या मर्यादेबाहेर जात असाल, तर कंपनी पॉलिसीचा प्रकार बदलायला सांगू शकते किंवा ती रद्द करू शकते. असे वाटले तर पत्र देण्याआधी कलम नीट वाचून घ्या आणि जाणकाराला दाखवा.

पुरावा कोणता

जन्मदाखला सगळ्यात भक्कम. पंचायत, पालिका किंवा नागरी निबंधकांकडे नोंद शोधता येते. शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि ख्रिस्ती बांधवांचा बाप्तिस्म्याचा दाखलाही साधारणपणे चालतो. रेशनकार्ड, मतदार कार्ड हे कच्चे पुरावे. आधारवर एकट्यावर विसंबू नका. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली.

अडचण येते ती शाळेचा दाखला एक आणि जन्मदाखला दुसरे सांगतो तेव्हा. पूर्वी शाळेचा दाखला दिला असेल तर आता वेगळी तारीख का, हे कंपनी विचारणारच. त्याचे कारण पत्रातच लिहा, आणि पॅन व आधारही त्याच तारखेवर आणा. नाहीतर दाव्याच्या वेळी पुन्हा दोन तारखा समोर येतील.

पत्राचा नमुना

दिनांक : ........

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(कंपनी व शाखेचे नाव)

विषय : पॉलिसी क्र. ........ वरील जन्मतारीख दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

वरील पॉलिसी दि. २०-११-२०१४ पासून माझ्या नावावर चालू असून आजपर्यंतचे सर्व हप्ते भरलेले आहेत. पॉलिसीवर माझी जन्मतारीख ०१-०६-१९८३ अशी नोंदली आहे. माझी खरी जन्मतारीख १२-०३-१९८१ आहे. प्रस्ताव फॉर्म भरताना माझ्याकडे जन्मदाखला नव्हता, त्यामुळे रेशनकार्डावरची तारीख लिहिली गेली. यात काही लपवण्याचा हेतू नव्हता.

तरी कृपया :
१. जन्मतारीख व वय दुरुस्त करून तसे पृष्ठांकन पॉलिसीवर द्यावे व 'वय मान्य' अशी नोंद करावी.
२. सुधारित हप्ता, मागील फरक आणि त्यावरील व्याज यांचा हिशेब, व्याजाच्या दरासह, लेखी द्यावा.
३. फरक भरण्याचे कोणते पर्याय मला उपलब्ध आहेत ते कळवावे. माझी निवड मी हिशेब पाहून लेखी कळवीन.

सोबत : जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत, पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत, शेवटच्या हप्त्याची पावती, ओळखपत्राची प्रत.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल)

'हेतू नव्हता' हे वाक्य गाळू नका. चूक आणि फसवणूक यातला फरक त्यानेच कागदावर राहतो. दुसरी मागणीही महत्त्वाची आहे. काउंटरवर तोंडी आकडा सांगितला म्हणून पैसे भरू नका. पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख व सही घेऊन ती घरी ठेवा. मूळ जन्मदाखला दाखवा, पण देऊन येऊ नका. आणि उत्तर येईपर्यंत चालू हप्ता चुकवू नका. पॉलिसी बंद पडली तर तारीख सुधारून उपयोग काय?

महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तिथेही महिन्याभरात काम झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. गोव्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार जायला हवी.

आमच्या तांडेलांनी पहिला मार्ग घेतला आणि फरक एकदम भरला. पृष्ठांकनाचा कागद आला तेव्हा त्यांनी तो पॉलिसीला टाचला आणि पॉलिसी कुठे ठेवली आहे ते बायकोला दाखवले. तुम्हीही आज घरी पॉलिसी काढा आणि पहिल्या पानावरची तारीख जन्मदाखल्याशी लावून बघा. जुळत नसेल तर दोन्ही कागद घेऊन सोसायटीच्या कार्यालयात या, पत्र आपण एकत्र बसून लिहू.